आधी गादी, मग माइक : एका सोहळ्याच्या मांडणीच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

काम पक्कं झालं. सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, रविवार २२ तारखेला संध्याकाळी. ८१ दिव्यांचं औक्षण, सत्कार, मग भावगीतांची मैफल आणि जेवण. पाहुणे दीडशेच्या आसपास. जेवण कार्यालयाच्या ठेकेदाराकडे आहे, त्यात मला पडायचं नाही. माझ्याकडे तिघांची सांगड घालायचं काम आहे: डेकोरेटर काका, साउंडवाले दादा आणि फोटोग्राफर ताई. तिघंही आपापल्या कामात मुरलेले आहेत, पण एकमेकांबरोबर कधी काम केलेलं नाही.

दुपारी कार्यालय बघून आले. सकाळच्या सत्रात दुसऱ्या कुणाची तरी मुंज आहे, त्यामुळे हॉल आपल्या ताब्यात येणार दुपारी २ वाजता. पाहुणे साडेपाचपासून यायला लागतील. मधले साडेतीन तास एवढीच आपली मिळकत. मंच २४ फूट रुंद आणि १४ फूट खोल. हॉल पहिल्या मजल्यावर आहे आणि सामान मागच्या जिन्यानेच चढवायचं. मागचं फाटक गल्लीत उघडतं आणि तिथे एका वेळी एकच टेंपो उभा राहतो. दुसरा आला तर मागे स्कूटरवाल्यांची रांग लागते आणि पेठेतली माणसं काय बोलतात ते लिहायला नको. विजेचा बोर्ड मंचाच्या डाव्या विंगेत, थ्री फेज. खुर्च्या सुट्या आहेत, कार्यालयाची मुलं लावून देतात.

निघताना आजोबांचे पुतणे म्हणाले, ‘‘तिघांनाही दोनलाच बोलवा ना, म्हणजे डोक्याला ताप नाही.’’ सोळा तारखेला वेळा कळवते, एवढंच म्हटलं. दोनला तिघं आले तर फाटकात दोन टेंपो, मंचावर चढून काम करायचा घोडा आणि शिड्या, आणि खाली खुर्चीत बसून चहा पिणारी फोटोग्राफर.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तिघांशी फोनवर बोलले. ‘‘किती वाजता येता?’’ हे मुद्दाम विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाला सवयीने येतं. विचारलं ते हे: काम सुरू करायला तुमच्यासमोर काय तयार हवं, आणि तुमचं चालू असताना आजूबाजूला काय चाललेलं चालणार नाही?

काका: रिकामा मंच हवा, बाकी काही नको. फ्रेम उभी करायला ४० मिनिटं. मग कापड मारायचं आणि वरून झोत टाकणारे पार लाइट बांधायचे, त्याला अर्धा तास. खाली कार्पेट, गादी-तक्के आणि आजोबांचा सोफा, १० मिनिटं. पाठीमागच्या फ्रेमवर फुलांच्या माळा, ४० मिनिटं. मंचाच्या पुढच्या कडेला फुलांची पट्टी, २० मिनिटं. ‘‘सगळं पूर्ण करून मंच देतो, ताई. अर्धवट मंच मी कुणाला देत नाही.’’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. सगळा गुंता इथेच आहे, असा माझा अंदाज.

दादा: स्पीकर, मिक्सर आणि मंचावरच्या सगळ्या लाइन मिक्सरपर्यंत नेणारी मल्टिकोर केबल यांना मंच लागत नाही, अर्धा तास. मग मंचावरच्या सात लाइन: गायिका, तबल्याला दोन, हार्मोनियम, तालवाद्य, कीबोर्ड आणि निवेदक. कलाकारांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले दोन स्पीकर, म्हणजे मॉनिटर. त्याला ४० मिनिटं, पण गादी पडल्यावरच. कलाकार नेमके कुठे बसणार हे ठरल्याशिवाय माइकचा स्टँड लावून उपयोग नाही, आणि कार्पेटच्या आधी वायर टाकली तर कार्पेट घालताना ती उचलावी लागते. नंतर साउंड चेक ३५ मिनिटं. त्या वेळात ठोकाठोकी, स्टेपलर, खुर्च्यांची ओढाताण काही चालणार नाही.

ताई: पाठीमागची सजावट फुलांसकट पूर्ण हवी, आणि कार्यक्रमात जे दिवे असणार तेच चालू हवेत. फ्लॅश आणि रंगाचा ताळमेळ बसवायला १५ ते २० मिनिटं. मग पाहुणे यायच्या आधी मंचावर घरच्यांचे फोटो, २५ मिनिटं. त्या वेळी मंचावर दुसरं कुणी नको.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज कागद घेऊन बसले. आधी तीन नावांचे तीन रकाने केले, पण काही जमेना. डेकोरेटर, मग साउंड, मग फोटोग्राफर असा क्रम लावला की काकांचं सगळं काम एका तुकड्यात पहिलं येतं. त्यांच्या मिनिटांची बेरीज दोन तास वीस मिनिटं. म्हणजे मंच ४:२० ला मोकळा. दादांच्या सात लाइन ५ वाजेपर्यंत. साउंड चेक ५:३५ ला संपणार, तेव्हा पाहुणे दारात, आणि घरच्यांचे फोटो काढायचेच राहिले. एकही माणूस उशिरा आलेला नाही आणि तरी वेळ संपली.

मग नावं खोडली आणि फक्त कामं लिहिली. प्रत्येक कामापासून मागे एक बाण काढला: हे सुरू व्हायला आधी काय व्हावं लागतं? फोटोंच्या मागे दोन बाण गेले, एक साउंड चेककडे, कारण मंच तेव्हाच रिकामा होतो, आणि एक फुलांकडे. साउंड चेकच्या मागे सात लाइन. लाइनच्या मागे गादी. गादीच्या मागे कार्पेट, कार्पेटच्या मागे कापड आणि वरचे दिवे, कारण ते घोड्यावर चढून करायचं काम आहे आणि माइकच्या डोक्यावर घोडा कुणालाच नको. त्याच्या मागे फ्रेम. फ्रेमच्या मागे रिकामा मंच.

लाइनच्या मागे फुलं कुठेच नाहीत. माळा गोडाउनमध्ये ओवून येतात, इथे फक्त आकड्याला अडकवायच्या. ठोकाठोकी नाही, आवाज नाही, आणि हे काम मंचाच्या पाठीमागच्या दोन फुटांत चालतं. दादा पुढे बसून वायरी जोडत असताना काकांची माणसं मागे माळा लावू शकतात. काकांच्या कामाचे दोन भाग पाडले, गादीपर्यंतचा एक आणि फुलांचा दुसरा, की गादी ३:२० ला पडते आणि लाइन ४ वाजता पूर्ण होतात. तासभर सुटला, तोही कुणाला हात जास्त भराभर चालवायला न सांगता.

पुढच्या कडेच्या पट्टीचा बाण मात्र उलटा निघाला. ती मॉनिटरवर अवलंबून आहे. मॉनिटर मंचाच्या पुढच्या कडेवरच बसतात. काकांनी आधी पट्टी लावली तर दादा ती हलवणार, आणि झेंडूच्या पाकळ्या कार्पेटभर. म्हणजे डेकोरेटर, साउंड, पुन्हा डेकोरेटर.

पायघडीही अशीच. मल्टिकोर हॉलच्या मागच्या मिक्सरपासून मंचाकडे येताना एका ठिकाणी मधली वाट ओलांडते. तिथे ती टेपने चिकटवून तिच्यावरून पायघडी घालायची. आधी पायघडी अंथरली तर केबल वरून जाते, आणि नऊवारी नेसलेल्या आज्या त्याच वाटेने येणार आहेत. खुर्च्याही मिक्सरची जागा धरल्यावरच लावायच्या, नाहीतर शेवटच्या दोन रांगा उचलाव्या लागतात. कार्यालयाच्या मुलांना तीन वाजता सांगायचं.

एक बाण कामाचा नव्हे, जागेचा आहे. दादांचा टेंपो फाटकाला लागायला काकांचा टेंपो निघायला हवा. हे कुठल्याच यादीत येत नाही, कारण ते कुणाचंच काम नाही.

आता उलटीकडून वेळा. दारं ५:३०. फोटो ५:०० ते ५:२५. साउंड चेक ४:२० ते ४:५५. लाइन ३:२० ते ४:००. म्हणजे लाइन आणि साउंड चेक यांच्यामध्ये वीस मिनिटं मोकळी राहतात. ही वीस मिनिटं मी वाटून टाकणार नाही. प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं जास्त दिली की ती गुपचूप खर्च होतात आणि कुणी उशीर केला हेही कळत नाही. सगळी एका ठिकाणी ठेवली की एक नेमकी मर्यादा मिळते: गादी ३:४० पर्यंत पडली तर सगळं वेळेवर. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट साउंड चेकमधून जाणार.

रविवार, १५ फेब्रुवारी

मेसेजचा मजकूर. पहिला प्रश्न, तिघांना तीन वेगळे की एकच? वेगळे पाठवले की प्रत्येकाला फक्त स्वतःची वेळ दिसते, आणि ती त्याला माझी लहर वाटते. काकांना ‘‘३:२० पर्यंत गादी’’ एवढंच कळवलं तर त्यांच्या लेखी ती घाई. खालच्याच ओळीत दादा ३:२० ला त्याच गादीवर माइक लावायला उभे दिसले की ती घाई राहत नाही. म्हणून एकच मेसेज, तिघांच्या ग्रुपवर. ग्रुपमध्ये घरचं कुणीही नको. पुतणे हौशी आहेत, ते मध्येच वेळा बदलतील.

दुसरं, प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कधी यायचं, काय झालेलं दिसलं की हात घालायचा, आणि काय झालं की पुढच्याला कळवायचं. नुसती वेळ असली की माणूस घड्याळाकडे बघून सुरू करतो, समोरचं तयार असो वा नसो. नुसती अट असली की घरूनच निघत नाही.

तिसरं, काकांचं नाव दोनदा येणार. त्यांना ते विचित्र वाटेल, म्हणून मेसेज पाठवायच्या आधी त्यांना फोन करायचा. अर्धवट मंच देत नाही म्हणणाऱ्या माणसाला ग्रुपवर सगळ्यांदेखत हे कळू नये.

संध्याकाळी फोन केला. काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘म्हणजे फुलं लावताना साउंडवाला माझ्या पायात.’’ मी म्हटलं, तो पुढच्या नऊ-दहा फुटांत, तुम्ही मागच्या दोन फुटांत, आणि मध्ये मी उभी राहते. ‘‘बघू,’’ म्हणाले. काकांचं ‘बघू’ म्हणजे हो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी दहा वाजता पाठवला. मजकूर असा:

‘‘नमस्कार. रविवार २२ फेब्रुवारी, सदाशिव पेठेतलं कार्यालय, पहिला मजला. तिघांसाठी हा एकच मेसेज आहे. आपली ओळ वाचाच, पण आपल्या आधीची आणि नंतरची पण वाचा. दारं ५:३० ला उघडतील, ती वेळ हलणार नाही.

२:०० डेकोरेटर काका. हॉल रिकामा मिळाला की फ्रेम, मग कापड आणि वरचे दिवे, मग कार्पेट, गादी, सोफा. फुलं अजून नाहीत. २:४५ ला टेंपो फाटकातून काढायचा आणि इथे ‘टेंपो निघाला’ लिहायचं. ३:२० ला गादी पडली की ‘गादी झाली’ लिहायचं.

२:५० साउंड दादा. टेंपो टिळक रोडला थांबवा, ‘टेंपो निघाला’ दिसलं की फाटकाला आणा. आधी मिक्सर, स्पीकर, मल्टिकोर. वाट ओलांडणारी केबल टेपने चिकटवून घ्या. ‘गादी झाली’ दिसलं की मंचावर. मॉनिटर सगळ्यात आधी ठेवा, काका त्यासाठी थांबलेले असतील. ४:०० ला लाइन पूर्ण.

३:२० काका पुन्हा. मागच्या फ्रेमवर माळा, मंचाच्या मागच्या बाजूनेच. ४:०० पासून पुढची पट्टी आणि पायघडी. ४:२० ला घोडा, शिडी, स्टेपलर मंचाबाहेर.

४:१५ फोटोग्राफर ताई. तोपर्यंत मागची फुलं पूर्ण आणि दिवे चालू असतील. टेस्ट शॉट खालून घ्या, मंचावर ४:५५ पर्यंत साउंड चेक आहे. ५:०० ते ५:२५ मंच तुमचा, आजी-आजोबा आणि घरचे तयार असतील.

४:२० ते ४:५५ साउंड चेक. हॉलमध्ये आवाज नाही.

गादी ३:४० पर्यंत झाली तरी बाकी वेळा त्याच राहतील. त्याहून उशीर होणार असं दिसलं तर काकांनी ३:३० ला मला फोन करायचा, मी क्रम बदलून इथेच कळवेन. दुसऱ्या कुणी सांगितलं तर वेळ बदलू नका.

रात्री शेवटचा घरच्यांचा फोटो झाल्यावरच उतरवायला घ्यायचं: आधी साउंड, मग सजावट. १० ला हॉल रिकामा द्यायचा आहे.

यात तुमच्या कामाला न जमणारं काही असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा.’’

लांब झाला खरा. पण कामाच्या दिवशी उघडून बघायचा मेसेज लांब असला तरी चालतो, अपुरा असला की फोन सुरू होतात.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

उत्तरं आली, आणि तिघांनीही फक्त आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या ओळीवरही बोट ठेवलं. वेगळे मेसेज पाठवले असते तर हे झालं नसतं.

दादा: माळा लावल्यावर काकांची माणसं पंपाने पाणी मारतात का? खाली मल्टिबॉक्स आणि कीबोर्ड असेल. काकांचं उत्तर, हो, मारतात, पण विंगेत मारून मग वर चढवू. मला हे सुचलंच नसतं. फुलं आणि वायर यांच्यात क्रम लागत नाही असं मी शुक्रवारी लिहिलं आहे, ते बरोबर आहे, पण पाणी आणि वायर यांच्यात लागतो.

दादांचं दुसरं: सजावटीचे दिवे एका फेजवर आणि साउंड दुसऱ्या फेजवर. काकांच्या दिव्यांना डिमर आहे, आणि दोन्ही एकाच लाइनवर आले की स्पीकरमधून घुंई असा आवाज येत राहतो. म्हणजे काका दोन वाजता पहिली पिन लावतील तेव्हाच कुठला पॉइंट कुणाचा हे ठरलेलं हवं. कार्यालयाच्या इलेक्ट्रिशियनला दोनला बोलावणं आलं.

ताई: त्यांच्याबरोबर व्हिडिओसाठी एक मुलगा आहे आणि त्याला मिक्सरमधून आवाजाची लाइन हवी. कॅमेऱ्यावरच्या माइकने मैफल घेतली तर गाण्यापेक्षा पहिल्या रांगेतल्या गप्पा जास्त ऐकू येतात. त्याचा ट्रायपॉड मिक्सरला लागून हवा, म्हणजे मिक्सरची जागा धरताना आणखी चार फूट सोडायचे. हे त्यांनी चार वाजता येऊन सांगितलं असतं तर खुर्च्या लागून झालेल्या असत्या.

पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही, आणि खाली ‘‘एक बदल’’ म्हणून जोडत गेलं की रविवारी कुणी वरचा वाचेल, कुणी खालचा. म्हणून जुना सगळ्यांसाठी काढून टाकला आणि पूर्ण मेसेज नव्याने पाठवला, वर ‘‘प्रत २, हीच धरा’’ असं लिहून. ग्रुपवर पिन केला. वाढलेल्या ओळी या:

‘‘२:०० काका: दिवे फक्त डाव्या विंगेतल्या पहिल्या पॉइंटवरून. बाकी कुठल्याही पॉइंटला हात लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला विचारा.

२:५० दादा: मिक्सरच्या उजवीकडे चार फूट व्हिडिओच्या ट्रायपॉडसाठी सोडा, आणि ४:१५ ला त्याला एक आउटपुट द्या.

३:२० काका: माळांवर पाणी विंगेत मारून मगच वर. मंचावर पंप नाही.’’

तिघांनी अंगठा दिला. अंगठ्यावर माझा विश्वास नाही. प्रत्येकाला विचारलं, तुमच्या आधी कोण आणि त्याचं काय झालेलं दिसलं की तुम्ही सुरू? दादांनी ‘‘गादी’’ एका शब्दात सांगितलं. ताईंनी ‘‘फुलं आणि दिवे’’. काका म्हणाले, ‘‘माझ्या आधी मुंज.’’

शनिवार, २१ फेब्रुवारी

काकांचं बरंच सामान १९ तारखेच्या शिवजयंतीला मंडळांकडे होतं. फ्रेम परत आली का हे काल विचारलं होतं, आज आल्याचं कळलं. फुलं उद्या पहाटे मार्केट यार्डातून, माळा दुपारपर्यंत ओवून तयार. निशिगंध आणि झेंडू.

कार्यालयात फोन केला. मुंजीची मंडळी दोनला निघतील ना? ‘‘निघतील हो,’’ एवढंच उत्तर. ‘‘निघतील हो’’मध्ये पंधरा मिनिटं धरून ठेवली.

८१ दिव्यांच्या ताटांचं टेबल मागच्या कापडापासून चार फूट पुढे ठेवायचं असं काकांना सांगितलं. कापड सिंथेटिक आहे.

रविवार, २२ फेब्रुवारी

रात्री घरी येऊन, ग्रुपवरच्या वेळा बघून लिहिते आहे.

मुंजीवाले २:१५ ला निघाले. बटूची आत्या आहेराच्या पिशव्या मोजत होती, तिला घाई करणं कुणाच्याच हातात नव्हतं. काकांनी फ्रेम २:१७ ला उभी करायला घेतली. मी काही बोलले नाही. पंधरा मिनिटं मोकळ्या वीसमधली, त्याला मेसेज बदलायची गरज नाही.

३:०० ‘टेंपो निघाला’. दादा टिळक रोडला होते, पाच मिनिटांत फाटकात. त्यांनी मला एकदाही फोन केला नाही. दुपारी ‘‘येऊ का?’’, ‘‘झालं का?’’ असे फोन धरायचे तर माझा एक माणूस त्यातच जातो.

दादांनी मिक्सर, चार फूट जागा सोडून स्पीकर, मल्टिकोर असं ३:३५ पर्यंत उरकलं. नेमकं ३:३५ ला ‘गादी झाली’. उशीर दोघांनाही सारखाच लागला होता, म्हणून मधे कुणी रिकामं बसलं नाही. टेंपोच्या अटीमुळे हे जमलं; ठरल्याप्रमाणे २:५० ला फाटकात आले असते तर दोन्ही टेंपो गल्लीत अडकले असते.

माळा आणि माइक एकाच वेळी. काका पहिली पाच मिनिटं दादांकडे संशयाने बघत होते. नंतर त्यांच्याच एका माणसाने दादांना कार्पेटच्या कडेखालून वायर ओढून दिली. मॉनिटर ३:४५ ला बसले. काका पुढच्या कडेला येऊन वीत-वीत मोजून गेले, पट्टीचे तुकडे त्याप्रमाणे खालीच कापून घेतले.

४:१५ लाइन पूर्ण, मागची फुलंही पूर्ण. ताई आल्या त्या मिनिटाला दिवे चालू. खालून टेस्ट शॉट घेतला आणि म्हणाल्या, वरचे पार लाइट जांभळे आहेत, आजोबांचा चेहरा कावीळ झाल्यासारखा येईल. खरं तर कॅमेऱ्यात रंग सारखा करायला गेलं की उलट्या बाजूचा पिवळेपणा चढतो. फोटो होईपर्यंत पुढचे दोन दिवे साध्या पांढऱ्यावर, मैफलीत हवे ते रंग, असं काकांनी मान्य केलं. पाच मिनिटांचं काम. पण काका तिथे होते म्हणून पाच मिनिटांचं. दिवे लावून ते चहाला गेल्यावर हे निघालं असतं तर रिमोट कुणाकडे इथून सुरुवात.

४:२२ साउंड चेक सुरू. पुढची पट्टी अजून चार हात बाकी होती, ती काकांनी तशीच सुरू ठेवली. आवाज होत नव्हता, तरी तबलजी वैतागले. पुढच्या वेळी पट्टीला ३० मिनिटं धरायची.

मग घुंई. दादांनी सगळ्या लाइनचे फेडर खाली घेतले तरी येतच होती, म्हणजे माइकमधून नाही. काकांच्या मुलाला दिवे मंद करायला सांगितले, आवाज बदलला. म्हणजे डिमर. कुठला तरी दिवा साउंडच्या फेजवर गेला होता. शोधला तर निवेदकाच्या पोडियमला गुंडाळलेली दिव्यांची माळ जवळ दिसलेल्या पॉइंटला लावलेली. ती माळ मेसेजमध्ये नव्हती, कारण ती घरच्यांनी सकाळी आणून दिली होती. पिन बदलली, आवाज गेला.

कलाकारांना रिकाम्या हॉलमध्ये आवाज जास्त घुमतो असं वाटत होतं. दादांनी सांगितलं, माणसं बसली की कमी होईल, आत्ता फक्त शिट्टी कुठे येते ते बघतो. गायिकेचा माइक मॉनिटरच्या तोंडासमोर येत होता तो जरा वळवला. ४:५७ ला संपलं.

५:०२ ला आजी-आजोबा मंचावर. पुतणे मधेच म्हणाले, आधी बाहेर अंगणात दोन फोटो घेऊ या का, ऊन छान आहे. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच नाही म्हटलं. ऊन सव्वासहापर्यंत मिळालं असतं, पण मंच पुन्हा मिळाला नसता. ५:२४ ला शेवटचा गट फोटो. ५:३० ला दारं.

कार्यक्रम चांगला झाला. औक्षणाच्या वेळी पंखे बंद केले, ८१ दिवे पेटवायला वेळ लागला तेवढा निवेदकाने भरून काढला.

उतरवणं: ९:१० ला शेवटचा फोटो, मग सात लाइन आणि मॉनिटर, मग फुलं आणि कापड. दादांचा टेंपो ९:३५ ला गेला, काकांचा नंतर लागला. ९:५५ ला हॉल रिकामा.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पुढच्या कामाच्या फाइलीत या मेसेजची प्रत ठेवली. तीन बदल केले. पुढच्या पट्टीची वेळ ३० मिनिटं. दिव्यांच्या ओळीत ‘‘घरच्यांनी दिलेली रोषणाईसुद्धा’’ हे शब्द. आणि फोटोग्राफरच्या ओळीत ‘‘टेस्ट शॉट होईपर्यंत दिव्यांचा माणूस हॉलमध्येच’’.

दादांचा दुपारी फोन आला. मार्चमध्ये त्यांच्याकडे कोथरूडला एक लग्न आहे, डेकोरेटर दुसरा आहे. ‘‘ताई, तो गादीवाला मेसेज पाठवा ना, त्यालाही पाठवतो.’’ पाठवला, पण वर लिहिलं की वेळा घेऊ नका. तिथे वरात आहे, मंचाआधी दाराची कमान उभी राहते आणि फोटोग्राफर सकाळी मेकअपपासून लागतो. बाण पुन्हा काढावे लागतील.